पाऊस कोणाच्या खात्यात?

पटकथेत ‘पाऊस’ ही तीन अक्षरे लिहायला लेखकाला काही पडत नाही. पण त्या तीन अक्षरांसाठी टँकर कोणी बोलवायचा, दिवे कोणी झाकायचे, भिजलेल्या नटीला टॉवेल आणि गरम पाणी कोणी द्यायचे आणि हे पैसे कोणत्या खात्यातून जायचे, हे कुठेतरी ठरावेच लागते. शूटिंगच्या जागी ठरले तर ते भांडून ठरते. त्याआधी, खर्चाचा पहिला आकडा मांडण्यापूर्वी ठरले, तर ते एका कागदावर ठरते. त्या कागदाला आपल्याकडे सगळे ब्रेकडाउन शीट म्हणतात, आणि हे पुस्तक त्या कागदाविषयी आहे.

नवख्या वाचकासाठी आधी त्याचे रूप सांगतो. दर दृश्याला एक पान. वरच्या ओळीत दृश्याचा क्रमांक, आत की बाहेर, दिवस की रात्र, स्थळ, दृश्याची लांबी आणि कथेतला कितवा दिवस. खाली रकाने: पात्रे, ज्युनिअर आर्टिस्ट, प्रॉपर्टी, कपडे, मेकअप आणि केस, वाहने, प्राणी, स्टंट, स्पेशल इफेक्ट, विशेष सामग्री. पटकथा वाचत जायचे, दृश्यात लागणारी प्रत्येक गोष्ट खूण करून आपापल्या रकान्यात उतरवायची. झाली शीट. काम इतके साधे दिसते की ते बहुतेक वेळा सर्वात नव्या असिस्टंटच्या गळ्यात पडते. या पुस्तकाच्या संपादकांचे म्हणणे नेमके उलटे आहे, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे: हे काम पटकथा सर्वात नीट वाचता येणाऱ्या माणसाचे आहे.

या कागदाचा जन्म अमेरिकेतला. १९१२च्या सुमारास थॉमस इन्स याने कॅलिफोर्नियात आपल्या स्टुडिओत एकाच वेळी अनेक युनिटे कामाला लावली. प्रत्येक युनिटवर तो स्वतः हजर राहू शकत नव्हता. म्हणून दृश्यागणिक क्रमांक घातलेली, तपशिलाने लिहिलेली पटकथा आणि तिच्यासोबत स्थळांच्या, पात्रांच्या, वस्तूंच्या याद्या, अशी पद्धत त्याने रुळवली. एका जागेची सगळी दृश्ये एकत्र, गोष्टीचा क्रम मोडून चित्रित करायची, तर आधी सगळी पटकथा सुटी करून पाहणे भाग होते. पुढे हॉलिवूडच्या स्टुडिओंनी याची पक्की शिस्त बनवली. तिच्यात पात्रांना लाल पेन्सिल, स्टंटला नारिंगी, गर्दीला हिरवी, स्पेशल इफेक्टला निळी, प्रॉपर्टीला जांभळी, वाहने आणि प्राण्यांना गुलाबी असे रंग ठरले. कपड्यांना रंग नाही, त्यांच्याभोवती गोल करतात.

आपल्याकडची वाट वेगळी होती. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला आली. तिथे नटांपासून सुतारांपर्यंत माणसे पगारी होती. कलेची बाजू फत्तेलाल बघत, ध्वनीची दामले, आणि सगळे एकाच आवारात वावरत. अशा ठिकाणी पटकथेची पुष्कळशी फोड तोंडी होऊ शकते; समोरच्या खोलीतल्या माणसाला हाक मारली की झाले. स्टुडिओ मोडले, माणसे कंत्राटावर आली, वस्तू भाड्याने बाहेरून येऊ लागल्या, तरी तोंडी सवय तशीच राहिली. हिंदीत तर कित्येक वर्षे संवाद सेटवर लिहिले जात. जी पटकथा हातात नाही तिची फोड कशी करणार? त्या काळी ही उणीव प्रॉडक्शन मॅनेजरची स्मरणशक्ती आणि ड्रेसदादांची पेटी भरून काढत होती. सेफ्टी पिनेपासून पोलिसाच्या टोपीपर्यंत काहीही ऐनवेळी त्या पेटीतून निघे. ही माणसे विलक्षण होती, यात शंका नाही. पण माणूस बदलला की ज्ञानही त्याच्याबरोबर जाई.

तिसरी वाट दिग्दर्शकाच्या वहीची. सत्यजित राय यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या, बंगालीत ज्यांना खेरोर खाता म्हणतात, प्रसिद्ध आहेत. संवादांशेजारी चौकटींची रेखाटने, पोशाख, सेटचे तपशील, सगळे एकाच हाताने काढलेले. फोड म्हणून ते उत्तमच, पण तशी वही लिहिण्यासाठी दिग्दर्शकाला चित्रकार असावे लागते, आणि ती वही सगळ्या विभागांच्या हातात एकाच वेळी असू शकत नाही.

अमेरिकी शिस्त आपल्याकडे ठळकपणे दिसली ती ‘लगान’च्या वेळी. २००० साली भूजजवळ सलग एका शेड्यूलमध्ये, सिंक साउंडवर, शेकडो गावकरी आणि परदेशी नट घेऊन तो चित्रपट झाला आणि फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर हे पद त्याच्याबरोबर चर्चेत आले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९८ साली, सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा दिला होता. बँका आणि कंपन्या पैसे लावू लागल्या तसे त्यांना आकड्यामागचा कागद हवा झाला. मराठीतही आता ओटीटीचा किंवा मोठ्या निर्मितीसंस्थेचा करार करायचा तर ब्रेकडाउन आणि शेड्यूल आधी मागतात. यातून एक नवाच दोष आला आहे: मागितले म्हणून शीट भरली जाते, बजेट मात्र मागच्या सिनेमाचे उचलून दहा टक्के वाढवलेले असते. दोन कागद एकमेकांना ओळखतही नाहीत. हे ओळखण्याची सोपी खूण आहे. बजेटमधली कोणतीही एक ओळ घ्या, समजा ‘प्रॉपर्टी, भाडे’, आणि विचारा, यातली सर्वात महाग वस्तू कोणत्या दृश्यात आहे? उत्तर आले नाही तर शीट शोभेची आहे.

आता एक दृश्य घेऊन बसू. हे मी इथल्यापुरते रचले आहे. काळ १९८३.

‘दृश्य ३४. बाह्य. गावचा एसटी स्टँड. संध्याकाळ. पाऊस. एसटी येऊन थांबते. भिजलेली शांता सात वर्षांच्या गणूला घेऊन उतरते. तिच्या हातातली पत्र्याची पेटी निसटून चिखलात पडते, उघडते. नवऱ्याबरोबरचे फोटो पाण्यात पसरतात. चहावाला छत्री घेऊन धावतो. दूर एक बैलगाडी.’

पानाच्या आठव्या भागांत मोजले तर हे दोन भाग. पान आठ भागांचे धरतात आणि पूर्ण पान पडद्यावर साधारण एक मिनिट. (आपल्याकडे डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांत पटकथा लिहिण्याची रीत अजून आहे. तिथे हे माप लागू पडत नाही; घड्याळ लावून दृश्य मोठ्याने वाचून वेळ धरावा.) दोन भाग, म्हणजे पडद्यावर पंधरा सेकंद. कागदावर स्वस्त दृश्य.

नवखा असिस्टंट प्रॉपर्टीत पेटी, फोटो, छत्री लिहील. वाहनांत एसटी, प्राण्यांत बैलजोडी, इफेक्टमध्ये पाऊस. यातले काहीच चूक नाही. फक्त त्याने शब्द गोळा केले आहेत, दृश्य वाचलेले नाही.

फोटोंपासून सुरू करू. शांताचा नवरा या पटकथेत कुठेच प्रत्यक्ष येत नाही. तो गोष्ट सुरू होण्यापूर्वीच वारला आहे. त्यामुळे पात्रांच्या यादीत तो नाही. पण फोटोत तो आहे. म्हणजे एक नट ठरवायला हवा, त्याचे मानधन धरायला हवे. लग्नाचा फोटो असेल तर शांता दहा वर्षांनी तरुण, मुंडावळ्या, शालू, त्या काळातला स्टुडिओचा पडदा. म्हणजे मुख्य चित्रीकरणाच्या आधी किमान अर्धा दिवस फोटोशूट, आणि त्याला मेकअप, कपडे, जागा, छायाचित्रकार. फोटो कृष्णधवल कागदावर जुने दिसतील असे छापायचे, आणि प्रत्येक टेकला ते चिखलात जाणार म्हणून पाच-सहा संच करायचे. प्रॉपर्टीच्या रकान्यातला ‘फोटो’ हा एक शब्द पाच विभागांना कामाला लावतो, आणि शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी लावतो. मी पाहिलेल्या बजेटांत सर्वात जास्त वेळा निसटलेली गोष्ट कोणती विचाराल तर हीच: मेलेल्या माणसाचा भिंतीवरचा किंवा पेटीतला फोटो.

पेटी पाहा. ती दृश्य ३३ मध्ये कोरडी आहे, ३४ मध्ये पडते, आणि समजा ४१ मध्ये घरात कोपऱ्यात आहे. घराची दृश्ये आधी चित्रित होणार असतील तर पोचे आलेली, चिखल वाळलेली पेटी आधी लागेल आणि कोरी नंतर. म्हणून सारख्या दोन पेट्या, शिवाय पडण्याच्या टेकसाठी एखादी जास्त. हे ध्यानात यायला शीटवर कथेतला दिवस लिहिलेला हवा. दृश्य क्रमांक वस्तूची हजेरी सांगतो. तिची अवस्था कथेतल्या दिवसावरूनच कळते.

साडीचा हिशेब गमतीचा आहे. शांता उतरतानाच भिजलेली आहे, म्हणजे दर टेकला कोरडी साडी लागत नाही. लेखकाने ‘उतरते आणि भिजते’ लिहिले असते तर दर टेकला नवी साडी, पुन्हा केस वाळवणे, पुन्हा मेकअप. पण पेटी चिखलात पडली की निऱ्यांवर शिंतोडे येणारच, आणि पुढच्या टेकला ती पुन्हा स्वच्छ हवी. म्हणून तीन सारख्या साड्या तरी धरा. हातमागाची एकच जुनी साडी कॉस्च्युम डिझायनरला आवडली असेल तर इथेच तिला नाही म्हणावे लागेल, किंवा तशाच तीन विणून घ्याव्या लागतील.

एसटी १९८३ची. महाराष्ट्रात गाड्यांच्या पाटीवर ‘एमएच’ आले ते १९८९पासून, म्हणजे पाटी बदलायची. तेव्हाच्या बांध्याची बस मिळते का, ती रस्त्यावर चालते का, की टेम्पोवर लादून आणायची, हे वाहनांच्या रकान्यात प्रश्न म्हणूनच लिहावे. कंडक्टरचा खाकी गणवेश कपड्यांत, तिकिटांची पेटी प्रॉपर्टीत. बस चालवणारा ज्युनिअर आर्टिस्ट नव्हे, अवजड वाहनाचा परवाना असलेला माणूस हवा, आणि तो कॅमेऱ्यात दिसणार असल्याने त्यालाही गणवेश हवा. खिडक्यांत प्रवासी दिसणार. किती, तेही लिहा.

गणू सात वर्षांचा आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे ज्या जिल्ह्यात काम होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. मुलाला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि त्याच्या उत्पन्नातला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकावा लागतो. बैलजोडीला भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते; ती नसेल तर अडचण सेन्सॉरच्या दारात उभी राहते, तेव्हा पुन्हा शूट करण्याचे पैसे कोणाकडेच नसतात. या दोन्ही गोष्टी पटकथेत कुठेही छापलेल्या नाहीत. ‘सात वर्षांचा’ आणि ‘बैल’ हे शब्द मात्र आहेत.

आणि आता सगळ्यात महाग शब्द, जो कोणत्याच रकान्यात पडला नाही: ‘संध्याकाळ’. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे चित्रणाजोगा उजेड वीस-पंचवीस मिनिटे राहतो. दर टेकला बस मागे घ्यायची, फोटो उचलायचे, पेटी पुसायची, साडी बदलायची, यात दहा-बारा मिनिटे सहज जातात. म्हणजे एका संध्याकाळी दोन टेक. पाऊस पडद्यावर दिसायला थेंब मोठे हवेत आणि मागून उजेड हवा. खरा पाऊस बहुधा दिसतच नाही, म्हणून पावसाळ्यातही टँकर लागतोच. तेव्हा हे पंधरा सेकंदांचे दृश्य एकतर दोन-तीन संध्याकाळींत वाटून घ्यायचे, किंवा रात्र करून दिव्यांवर घ्यायचे (मग मोठा जनरेटर, आणि गणूच्या वेळा पुन्हा तपासायच्या), किंवा ढगाळ दुपारी घेऊन रंग-दुरुस्तीत संध्याकाळ करायची. निवड दिग्दर्शकाची. शीटचे काम एवढेच की हा प्रश्न पैसे मांडण्याआधी त्याच्या टेबलावर ठेवायचा.

हा प्रश्न त्या वेळी विचारला तर बैलगाडीचे काय होते ते बघा. दिग्दर्शक म्हणेल, ‘ती नसली तरी चालेल, लेखकाने वातावरणासाठी टाकली आहे.’ गेली बैलगाडी. एक परवानगी, एक पशुवैद्य, एक ट्रक गेला. फोटोंबद्दल तो म्हणेल, ‘ते हवेतच, सिनेमा त्यांच्यावर उभा आहे.’ मग त्या फोटोशूटला पैसे मिळतात, कारण बैलगाडीचे वाचलेले आहेत. फोड करणाऱ्याने मात्र स्वतःहून काहीही वगळायचे नाही. ‘हे काय लागणार’ म्हणून असिस्टंटने परस्पर गाळलेली वस्तू सेटवर दिग्दर्शकाला हटकून आठवते.

छत्रीचे थोडे सांगायला हवे, कारण तिच्यावरून खरी भांडणे होतात. अंगावर असते ते कपड्यांत, हातात घेऊन अभिनय होतो ते प्रॉपर्टीत, जागेवर पडून राहते ते आर्टमध्ये, असा सर्वसाधारण नियम. त्याप्रमाणे छत्री प्रॉपर्टीची, मंगळसूत्र कपड्यांचे. पण दृश्यात मंगळसूत्र तुटणार असेल तर? चष्मा काढून टेबलावर ठेवला तर? अशा वस्तू दोन विभागांच्या मधल्या फटीत पडतात, दोघेही समजतात दुसरा आणेल. उपाय सोपा आहे: दोन्ही रकान्यांत वस्तू लिहावी, पण आणणाऱ्याचे नाव एकच असावे.

पद्धतींबद्दलचे वाद या क्षेत्रात बरेच आहेत, त्यातला एकच खरा महत्त्वाचा. लाइन प्रोड्युसर फोड करतो ती पैशासाठी, फर्स्ट असिस्टंट करतो ती दिवसांसाठी, कंटिन्युइटी बघणारा करतो ती सलगतेसाठी. एक पंथ म्हणतो, एकच शीट सगळ्यांना पुरेल. दुसरा म्हणतो, तिघांनी स्वतंत्र करावी आणि मग ताडून पाहावी. मी दुसऱ्या पंथाचा. वेळ जास्त जातो हे खरे, पण पहिल्याच्या नजरेतून सुटलेला फोटो तिसऱ्याला सापडतो. सॉफ्टवेअरने हा वाद मिटवला असे काहींना वाटते. मूव्ही मॅजिकसारख्या साधनांत वस्तूला एकदा खूण केली की ती ज्या ज्या दृश्यात आहे त्यांची यादी क्षणात मिळते. पटकथेची नवी प्रत आली की बदल तपासणे सोपे होते. वेबमालिकेत सहा भागांची दृश्ये एकाच वाड्यात एकत्र चित्रित करायची असतात, तिथे हाताने हे करणे जवळपास अशक्य आहे. पण खूण करायची हे आधी कोणाला तरी सुचावे लागते. साधनाला ‘फोटो’ दिसतो, नवरा दिसत नाही. उलट बाजूने, संवादात कोणी ‘मी ट्रॅक्टर विकला’ म्हटले की वाहनांच्या यादीत ट्रॅक्टर येऊन बसतो, तोही कोणीतरी काढावा लागतो.

शीटच्या मर्यादाही सांगून टाकतो. तिला दर कळत नाहीत. टँकर किती रुपयांना हे ती सांगणार नाही. नट किती टेक घेईल हे तिला माहीत नाही. आणि पटकथा बदलली की ती शिळी होते. म्हणून फोड करण्याआधी दृश्य क्रमांक पक्के करावेत. नंतर दृश्य वाढले तर ३४अ करावे, गळले तर क्रमांक रिकामा ठेवून ‘वगळले’ लिहावे. पुढचे सगळे क्रमांक सरकवू नयेत. सरकवले की प्रत्येक विभागाच्या हातात वेगळी पटकथा असते आणि ते कोणालाच माहीत नसते.

हे पुस्तक या साऱ्याचा इतिहास सांगत नाही, तक्तेही फारसे देत नाही. एकच छोटी पटकथा कला, कपडे, प्रॉडक्शन, दिग्दर्शन आणि कंटिन्युइटी अशा निरनिराळ्या बाजूंनी काम केलेल्या माणसांना देऊन प्रत्येकाची फोड जशीच्या तशी शेजारी-शेजारी छापली आहे, खाडाखोडीसह. त्या कुठे जुळतात यापेक्षा कुठे जुळत नाहीत ते पाहण्यात पुस्तकाचा जीव आहे. मराठीत या विषयावर आजवर जे होते ते बहुतेक तोंडी होते. सेटवर वर्षे घातल्याखेरीज ते हाती लागत नसे. ज्यांच्याकडे ती वर्षे नाहीत आणि छोट्या बजेटात पहिला सिनेमा उभा करायचा आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे. परदेशी नमुन्यांत नसलेले काही रकाने, जसे स्थानिक परवानग्या आणि सणवार, संपादकांनी मुद्दाम घातले आहेत. गावच्या यात्रेच्या दिवशी एसटी स्टँडवर शूटिंग लावलेल्या कोणालाही दुसऱ्या रकान्याचे कारण विचारू नका.

वाचकांना एकच विनंती. पटकथा पहिल्यांदा वाचाल तेव्हा हातात पेन्सिल घेऊ नका. गोष्ट म्हणून वाचा. दुसऱ्या वाचनाला खुणा करा. पुस्तकाच्या शेवटी कोरी शीट जोडली आहे, तिच्या हव्या तितक्या झेरॉक्स काढा, रकाने आपल्या कामाप्रमाणे कमी-जास्त करा. फक्त तळाशी ‘दिग्दर्शकाला विचारायचे प्रश्न’ असा रकाना आहे, तो काढू नका, आणि बजेट लिहायला घेण्यापूर्वी तो दिग्दर्शकासमोर बसून भरा.